उड्डाणानंतर इंजिनांचा जोर का उतरवतात: शहराला खेटलेल्या विमानतळांवरची पद्धत, पायरीपायरीने

विमान धावपट्टी सोडतं, नाक आकाशाकडे रोखून चढायला लागतं आणि वीस-पंचवीस सेकंद होतात न होतात तोच इंजिनांचा आवाज एकदम बसतो. नाक खाली आल्यासारखं वाटतं, पोटात गोळा येतो. खिडकीतून खालच्या घरांची कौलं अजून मोजता येतील इतकी जवळ असतात. नवख्या प्रवाशाला वाटतं इंजिनात काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात वैमानिकाने, किंवा त्याने आधी सांगून ठेवल्याप्रमाणे संगणकाने, ठरल्या उंचीवर ठरल्याइतका जोर उतरवलेला असतो.

हे कसं आणि कशासाठी करतात ते मी एकाच विमानतळावरून समजावणार आहे: कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा जॉन वेन विमानतळ. जगात अनेक ठिकाणी ही पद्धत वापरतात, पण इतक्या टोकाला गेलेली क्वचितच दिसते, आणि टोकाला गेलेल्या ठिकाणीच तिचे फायदे-तोटे नीट कळतात.

आधी नेहमीचं जोर उतरवणं समजून घ्या

शहर असो वा माळरान, प्रत्येक जेट विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात जोर कमी करतं. उड्डाणाचा पूर्ण जोर हा इंजिनाला साधारण पाच मिनिटांपुरताच मंजूर असतो. आतलं तापमान तेव्हा कमाल पातळीजवळ असतं आणि जितका वेळ तिथे राहाल तितकी टर्बाइनची पाती झिजतात. म्हणून बहुतेक कंपन्या १,००० ते १,५०० फुटांवर जोर ‘क्लाइंब’च्या पातळीला आणतात. एअरबसमध्ये थ्रस्ट लिव्हर एक खाच मागे ओढतात. बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, स्वतःच तो उतरवतो.

आवाज कमी करण्याच्या उड्डाणपद्धतीत याच क्रियेच्या तीन गोष्टी बदलतात: जोर कुठल्या उंचीवर उतरवायचा, किती उतरवायचा आणि मंद वेगातही विमान तोलून धरणारे, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप त्याआधी आत घ्यायचे की नंतर. या तीन उत्तरांवर खालच्या कुठल्या वस्तीला दिलासा मिळणार आणि कुठल्या वस्तीवर भार पडणार ते ठरतं.

जोर थोडासा उतरवला तरी आवाजात एवढा फरक पडतो, कारण इंजिनातून मागे फेकल्या जाणाऱ्या झोताचा आवाज त्या झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. हे गणित जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलं. झोताचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला की त्या झोताचा आवाज साडेतीन डेसिबलहून जास्त उतरतो. आजच्या रुंद पंख्याच्या इंजिनांत झोत तुलनेने मंद असतो आणि पंख्याचा आवाजही त्यात मिसळतो, पण पंखाही जोर उतरवला की सावकाश फिरतो. दोन्हीकडून फायदाच होतो.

दोन पद्धती, दोन वेगळ्या वस्त्या

आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयन संघटनेने, म्हणजे इकाओने, दोन नमुने दिले आहेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून वैमानिक त्यांना एनएडीपी-१ आणि एनएडीपी-२ म्हणतात. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए हिने १९९३ मध्ये जवळपास याच दोन कल्पनांना ‘जवळची’ आणि ‘दूरची’ अशी नावं दिली, आणि ती नावं जास्त बोलकी आहेत.

जवळची पद्धत धावपट्टीच्या टोकाला लागून असलेल्या घरांसाठी. तीत ८०० फूट किंवा त्यावर जोर उतरवायचा, फ्लॅप उड्डाणाच्या स्थितीतच बाहेर ठेवायचे आणि वेग वाढू द्यायचा नाही. एका इंजिनावरही सुरक्षित चढता येईल असा जो किमान वेग असतो त्याला व्ही-टू म्हणतात. त्याच्यापेक्षा दहा ते वीस नॉट, म्हणजे ताशी साधारण १९ ते ३७ किलोमीटर जास्त, एवढ्यावरच ३,००० फुटांपर्यंत चढत राहायचं. नंतर नाक थोडं खाली घेऊन वेग वाढवायचा आणि फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे.

दूरची पद्धत उलट क्रमाची. धावपट्टीपुढे लगेच खाडी, शेतं किंवा कारखाने असतील आणि वस्ती काही किलोमीटरांनंतर सुरू होत असेल तर ही. ८०० फुटांनंतर नाक खाली घेऊन आधी वेग वाढवायचा, फ्लॅप आत घ्यायला सुरुवात करायची आणि त्याच सुमारास, किंवा फ्लॅप पूर्ण आत गेल्यावर, जोर उतरवायचा. सुरुवातीला विमान खालून जातं, पण फ्लॅप आत गेल्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो आणि पुढची चढण चांगली होते. इंधनही जवळच्या पद्धतीपेक्षा कमी लागतं, म्हणून कंपन्यांचा कल साहजिकच हिच्याकडे असतो.

८०० फुटांच्या खाली जोर उतरवायचा नाही, हे दोन्हीकडे समान आहे आणि त्यात तडजोड नाही.

जॉन वेन: एक उड्डाण, सुरुवातीपासून

या विमानतळाची प्रवासी विमानांची धावपट्टी ५,७०१ फूट लांब आहे, म्हणजे पावणेदोन किलोमीटरही नाही. बहुतेक उड्डाणं नैऋत्येकडे, समुद्राच्या दिशेने होतात. धावपट्टीचं टोक आणि समुद्र यांच्यात साधारण सात-साडेसात किलोमीटरचा पट्टा आहे. त्यात मधोमध अप्पर न्यूपोर्ट बे ही खाडी आणि दोन्ही काठांना न्यूपोर्ट बीच शहराची घरं. आवाजावरून वर्षानुवर्षं कज्जे चालले आणि १९८५ मध्ये काउंटी, न्यूपोर्ट बीच शहर आणि दोन नागरी संघटना यांच्यात न्यायालयात तडजोड झाली. तीत उड्डाणांची संख्या, वर्षाचे प्रवासी आणि प्रत्येक उड्डाणाचा आवाज यांवर मर्यादा आल्या. व्यावसायिक विमानांनी सकाळी सातच्या आधी (रविवारी आठच्या आधी) आणि रात्री दहानंतर उडायचं नाही, हा नियमही पाळला जातो. १९९० मध्ये अमेरिकी संसदेने विमानतळांना असे स्थानिक निर्बंध लावणं फार अवघड करून ठेवलं, पण हा करार त्याआधीचा असल्याने टिकला. म्हणूनच शेजारच्या गावांना आज हवं असलं तरी त्याची सहज नक्कल करता येत नाही.

धावपट्टीभोवतीच्या वस्तीत आवाज मोजणारी दहा कायमची केंद्रं आहेत, सात दक्षिणेला आणि तीन उत्तरेला. ती केवळ कमाल आवाज पकडत नाहीत. एका विमानाच्या येण्यापासून जाण्यापर्यंतचा सगळा आवाज जणू एका सेकंदात ओतला तर किती डेसिबल भरेल, तो आकडा काढतात. त्यामुळे थोडं कमी जोराने पण बराच वेळ घोंगावत गेलेलं विमानही सुटत नाही. विमान कंपन्यांना मर्यादा तिमाहीच्या सरासरीने पाळाव्या लागतात.

आता बोइंग ७३७ चं एक उड्डाण पाहू.

पहिली पायरी जमिनीवरच होते. वैमानिक उड्डाण-संगणकात धावपट्टी, वजन, तापमान भरतात आणि जोर कुठल्या उंचीवर उतरवायचा व कुठल्या उंचीवर पुन्हा वाढवायचा हे दोन आकडे देतात. नव्या ७३७ मध्ये यासाठी खास सोय असते: दिलेल्या उंचीवर ऑटोथ्रॉटल जोर कापतो आणि वरच्या उंचीला तो परत देतो. कर्मचारी प्रवाशांना बहुधा आधीच सांगून ठेवतात की चढण तीव्र असेल आणि मग आवाज अचानक कमी होईल.

दुसरी पायरी धावपट्टीवर. ती आखूड असल्याने कित्येकदा ब्रेक दाबून धरून इंजिनं चढवतात आणि मग ब्रेक सोडतात. लांब धावपट्टीवर वैमानिक सहसा गरजेपुरताच जोर लावतात. इथे जास्त जोर लावण्यामागे दुसरंही कारण आहे: धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत जितकी उंची मिळवाल तितकी पुढच्या घरांपासून दूर राहाल. आवाजाचा हा सगळ्यात मोठा भाग विमानतळाच्या कुंपणाच्या आत खर्च करायचा, असा हिशेब.

तिसरी पायरी जमीन सुटल्यानंतरची. चाकं वर, नाक वीस अंशांच्या आसपास, वेग व्ही-टूच्या थोडा वर. विमान हलकं असेल तर मिनिटाला अडीच हजार फूट किंवा त्याहून जास्त चढण सहज मिळते.

चौथी पायरी ८०० फुटांवर. जोर नेहमीच्या क्लाइंबपेक्षाही खाली उतरतो. वेग तोच ठेवायचा म्हणजे नाक खाली घ्यावंच लागतं. चढण निम्म्याच्या आसपास येते. इथेच पोटात गोळा येतो. विमान खाली येत नसतं, चढतच असतं. पण पुढे ढकलणारा जोर अचानक कमी झाला की आतल्या कानाला तो पुढे कलल्यासारखा जाणवतो, आणि नाक खरोखरच खाली येत असल्याने दोन्ही संवेदना एकमेकींना दुजोरा देतात. शंका वाटली तर खिडकीतून क्षितिजाकडे पाहावं. घरं लहान होत जाताना दिसतात.

पाचवी पायरी खाडीवरून. इथला मार्ग पाण्याच्या वळणाने वळवलेला आहे, कारण कापलेला जोर आणि पाण्यावरून जाणारा मार्ग या दोन गोष्टी एकत्रच काम करतात. साधारण ३,००० फुटांना, समुद्र गाठताना, जोर पुन्हा वाढतो, वेग वाढतो, फ्लॅप आत जातात. किनाऱ्यावर उभ्या माणसाला हा परत वाढलेला आवाज ऐकू येतो.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे ढोबळ आहेत, पण खऱ्या उड्डाणांच्या जवळचे. विमानाचा वेग १६० नॉट धरू. पूर्ण जोरावर मिनिटाला २,५०० फूट चढण, म्हणजे दर शंभर मीटर पुढे गेल्यावर सुमारे पंधरा मीटर वर. जोर कापल्यावर मिनिटाला १,२०० फूट, म्हणजे शंभराला साडेसात. कापण्यामुळे इंजिनाचा आवाज मुळातच पाच डेसिबलने उतरतो असं समजू. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने कमी होतो, हा नियम वापरू.

जोर कापला त्या जागेपासून एक किलोमीटर पुढचं घर घ्या. न कापलेलं विमान तिथे सुमारे १,३०० फुटांवर असेल, कापलेलं १,०५० फुटांवर. जवळून गेल्याचा तोटा दोन डेसिबल, इंजिन शांत असल्याचा फायदा पाच. घराला तीन डेसिबलचा निव्वळ दिलासा. आकडा लहान वाटतो, पण आवाजाची ऊर्जा निम्मी झालेली असते.

सहा किलोमीटरवरचं घर घ्या. न कापलेलं विमान आता ३,७५० फुटांवर, कापलेलं २,२७५ वर. जवळून गेल्याचा तोटा चार-साडेचार डेसिबल झाला. फायदा जवळपास संपला.

नऊ किलोमीटरवर कापलेलं विमान ३,००० फुटांना पोचतं आणि जोर वाढवतं. न कापलेलं विमान तिथे ५,२०० फुटांच्या आसपास असतं. आता इंजिनं दोघांचीही जोरात, पण आपलं विमान खूपच खाली. इथल्या घराला जवळपास पाच डेसिबल जास्त सोसावे लागतील.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. जोर कापल्याने आवाज नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. न्यूपोर्ट बीचला ही युक्ती लागू पडते कारण नवव्या किलोमीटरला पॅसिफिक महासागर आहे. पुढे समुद्र नसून दुसरं दाट उपनगर असेल तर तोच उपाय एका वस्तीची तक्रार उचलून दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन ठेवतो. म्हणून ‘आमच्या विमानतळावरही जोर कापा’ ही मागणी करण्याआधी नकाशा उघडून धावपट्टीच्या रेषेत दहा किलोमीटरपर्यंत कोण राहतं ते पाहायला हवं.

किती कापायचा, आणि कुठे थांबायचं

जमिनीच्या इतक्या जवळ जोर कमी करणं ही सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक गोष्ट आहे, हे मान्य करूनच नियम केले आहेत. जोर कापलेला असताना नेमकं एक इंजिन बंद पडलं तर? दोन इंजिनांच्या विमानाने, उरलेल्या इंजिनाचा जोर कुणी हाताने वाढवला नाही तरी, किमान १.२ टक्के चढण टिकवली पाहिजे, इतकाच जोर कापायची मुभा एफएए देते. बिघाड ओळखून जोर आपोआप वाढवणारी यंत्रणा असेल तर ही अट शिथिल होते. तरी विमान निदान सरळ पातळीत राहायला हवं. त्यामुळे जड विमानाला, किंवा उकाड्याच्या दिवशी, फारसं कापता येतच नाही. उन्हाळ्याच्या दुपारी तेच विमान जास्त आवाज करत गेलं असं वाटलं तर तो भास नसतो.

इंजिन बिघडलं, वाऱ्याची दिशा वा वेग अचानक बदलण्याचा इशारा मिळाला, पुढे गडगडाटी ढग असला, तर आवाजाची पद्धत बाजूला ठेवली जाते. हा निर्णय वैमानिकाचा असतो.

मंद वेगात, जमिनीजवळ, एकाच वेळी अनेक कामं करायला लागणं हा धोका सैद्धांतिक नाही. १८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोहून निघालेलं ब्रिटिश कंपनी बीईएचं ट्रायडेंट विमान स्टेन्सजवळ कोसळून ११८ जण गेले. फ्लॅप आत घेऊन आवाजासाठी जोर उतरवला तेव्हाच त्याचा वेग हवा त्यापेक्षा कमी होता, आणि त्यानंतर काही सेकंदांत पंखांच्या पुढच्या कडेचे ड्रूप फार लवकर आत घेतले गेले. अपघाताचं कारण जोर उतरवणं हे नव्हतं. चौकशीत वेगाकडे झालेलं दुर्लक्ष आणि ड्रूप ही कारणं पुढे आली. पण वेग आधीच कमी असेल तर जोर उतरवताना चुकीला जागा उरत नाही, हे त्यातून दिसलं. जवळच्या पद्धतीत ३,००० फुटांपर्यंत फ्लॅपला हातच लावायचा नाही, या नियमामुळे त्या नाजूक मिनिटात वैमानिकासमोरचं एक काम कमी होतं.

रोजच्या कामात जास्त आढळणारी चूक साधी असते: उंचीचा आकडा. एअरबसच्या संगणकात जोर कुठे उतरवायचा त्यासाठी `THR RED` आणि वेग कुठे वाढवायचा त्यासाठी `ACC` असे रकाने असतात, आणि त्यांत समुद्रसपाटीपासूनची उंची भरतात. ७३७ मध्ये विमानतळापासूनची. जॉन वेन समुद्रसपाटीपासून जेमतेम ५६ फुटांवर असल्याने तिथे फरक पडत नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ १,९४२ फुटांवर आहे. तिथे ८०० फुटांवर जोर उतरवायचा तर एअरबसमध्ये २,७४२ भरावं लागेल. म्हणून दुसरा वैमानिक हे आकडे मोठ्याने वाचून ताडून पाहतो.

आपल्या घरावरून जाणारं विमान कसं तपासायचं

आधी नियम शोधा. प्रत्येक देश विमानतळांची अधिकृत माहिती एआयपी नावाच्या दस्तऐवजात देतो आणि त्याची रचना जगभर सारखी असते. विमानतळाच्या प्रकरणात `AD 2.21` या क्रमांकाखाली आवाज कमी करण्याच्या पद्धती असतात. भारताचा एआयपी विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वाचता येतो. मुंबईसाठी `VABB`, पुण्यासाठी `VAPO` हे प्रकरण उघडा.

मग फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर उड्डाणाचा आलेख काढा आणि तीन गोष्टी एकत्र पाहा: उंची, जमिनीवरचा वेग, चढण्याचा दर. ८०० ते ३,००० फुटांदरम्यान वेग १६० नॉटच्या आसपास खिळून राहिला आणि चढण्याचा दर मात्र ठरावीक उंचीला खाली आला, तर जवळची पद्धत. हजार फुटांच्या आसपास चढण मंदावली आणि त्याच वेळी वेग दोनशेच्या पुढे सरकायला लागला, तर दूरची. फक्त चढण्याचा दर पाहून निष्कर्ष काढू नका, कारण तो दोन्हींत उतरतो. फरक वेगाच्या रेषेत दिसतो. वाऱ्यामुळे जमिनीवरचा वेग दहा-वीस नॉटांनी हलतो, म्हणून एकाच दिवशी एकाच दिशेने गेलेली चार-पाच विमानं शेजारी ठेवून पाहा.

उंचीबाबत एक पथ्य पाळा. या साइटवर दिसणारी उंची बहुधा १,०१३ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून मोजलेली असते. पावसाळ्यात मुंबईचा दाब १,००३ पर्यंत उतरला असेल तर पडद्यावरची उंची खऱ्यापेक्षा पावणेतीनशे फुटांच्या आसपास जास्त दिसते. १,१०० फुटांवर जोर उतरवलेला दिसला तर तो प्रत्यक्षात ८०० च्या जवळपासचा असू शकतो. त्या वेळचा दाब विमानतळाच्या हवामान अहवालात `Q` अक्षरानंतर लिहिलेला असतो, उदाहरणार्थ `Q1003`. दर एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट, या हिशेबाने दुरुस्ती करा.

तक्रार करायचीच असेल तर ‘फार आवाज झाला’ असं लिहून उपयोग होत नाही. मिनिटापर्यंत वेळ, धावपट्टीच्या टोकापासून तुमच्या घराचं अंतर, दाबाची दुरुस्ती केलेली उंची, वेगाची रेषा सपाट होती की चढती, आणि `AD 2.21` मधलं जे वाक्य पाळलं गेलं नाही असं वाटतं ते वाक्य, एवढं द्या. त्या दिवशी गडगडाट किंवा जोराचा वारा होता का तेही लिहा, कारण उत्तर देणारा अधिकारी पहिल्यांदा तेच तपासेल.